करार मोडला, मग संपला का?

प्रश्न: "बी.ए. थिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये नोहा, अब्राहाम, सीनाय, दावीद असे करार ओळीने दिलेत. अब्राहामचा आणि दावीदचा बिनशर्त, सीनायचा सशर्त. पण मग इस्राएलाने सीनायचा करार मोडल्यावर काय झालं? तो संपला का? आणि संपला असेल तर यहुदी लोक आजही 'आम्ही करारातले' असं कशाच्या जोरावर म्हणतात? कल्पना काळानुसार कशी बदलत गेली हे समजावून सांगाल का?"

उत्तर:

मोडला, पण संपला नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचा शोध म्हणजेच या कल्पनेचा इतिहास. मी वीस-बावीस वर्षं हिब्रू शास्त्र शिकवतोय. सशर्त-बिनशर्त हे दोन रकाने पाठ करून आलेला विद्यार्थी पेपरात नेमका तुम्ही विचारलेल्या जागी अडतो, हे दरवर्षी बघतो.

आधी शब्दाबद्दल. मराठी बायबलमुळे आपल्याला 'करार' हा शब्द मिळाला. शब्द चांगला आहे, पण तो कानावर पडला की अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि स्टँपपेपर डोळ्यांसमोर येतो. हिब्रूतला 'बेरीत' त्यापेक्षा बेलभंडार उचलून घेतलेल्या शपथेच्या जवळ आहे. दोन पक्ष देवाणघेवाण ठरवतात एवढंच त्यात नसतं. त्यात माणूस स्वतःला बांधून घेतो, आणि शब्द फिरवला तर काय भोगावं लागेल हेही बोलून दाखवतो. हिब्रूत बेरीत 'करत' नाहीत, 'कापतात'. 'कारत बेरीत' हा तिथला रोजचा वाक्प्रचार आहे.

काय कापतात, ते उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात दिसतं. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू. अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, जनावरं मधोमध चिरतो, अर्धी अर्धी समोरासमोर मांडतो, पक्षी मात्र चिरत नाही. मांसावर गिधाडं झेपावतात, तो ती हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. अब्राम जात नाही.

ही रीत काय आहे हे यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात उघड होतं. बाबेलची फौज यरुशलेमेला वेढा घालून आहे. राजा सिद्कीया लोकांशी करार करतो की, हिब्रू दास-दासींना मोकळं करायचं. वासरू कापून सरदार त्याच्या दोन भागांमधून चालतात. मग वेढा जरा सैल होतो आणि हेच लोक सोडलेल्या दासांना परत धरून आणतात. तेव्हा परमेश्वर म्हणतो, तुमचं त्या वासरासारखं करीन, तुमची प्रेतं पाखरांना खायला घालीन. म्हणजे तुकड्यांमधून चालणं म्हणजे 'शब्द मोडला तर माझं असं होवो' असं म्हणणं. ही फक्त इस्राएलाची रीत नव्हती. सीरियात सेफीरे इथे सापडलेल्या इ.स.पू. ८व्या शतकातल्या अरामी तहात 'हे वासरू जसं कापलं तसा मतीएल कापला जावो' असाच मजकूर आहे. मतीएल हा अर्पादचा राजा.

आता अब्रामकडे परत या. तुकड्यांमधून फक्त ज्वाला गेली, म्हणजे शाप देवाने स्वतःवर ओढवून घेतला. अनुवादच्या २८व्या अध्यायातल्या शापांमध्ये एक ओळ आहे : तुझं प्रेत पाखरांचं भक्ष्य होईल आणि त्यांना हाकलायला कोणी नसेल. अब्राम ती पाखरंच हाकलत बसला होता. लेखकाने हे जाणूनबुजून जोडलं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण वर्गात ही दोन वचनं शेजारी ठेवल्यावर सहसा कोणी लगेच बोलत नाही.

उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात मात्र कापाकापी जनावरांची नाही. हा अध्याय पुरोहित परंपरेचा, म्हणजे अभ्यासक जो थर पुरोहितांच्या हातचा मानतात त्यातला. ही परंपरा करार 'कापत' नाही, 'स्थापते' किंवा 'देते', आणि प्रत्येक मोठ्या कराराला एक खूण जोडते : नोहाला मेघधनुष्य, अब्राहामाला आठव्या दिवशीची सुंता, सीनायला शब्बाथ. खुणेला हिब्रूत 'ओत' म्हणतात. खुणेचा उपयोग काय, याचं उत्तम उदाहरण आपल्या कोकणात आहे. बेने इस्राएल लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू पोथी नव्हती, रब्बी नव्हते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. सुंता, शब्बाथ आणि शमा ही प्रार्थना एवढं त्यांनी सांभाळलं, आणि बाहेरून आलेल्या जाणकार यहुद्यांनी त्यांना ओळखलं ते यावरून. ग्रंथ नसतानाही करार खुणेवर तगतो, हे पुरोहित लेखकाचं गणित तिथे बरोबर निघालं.

सशर्त-बिनशर्त हा भेद कुठून आला, तेही बघू. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं की, सीनायच्या कराराचा साचा हित्ती सम्राटांनी मांडलिकांशी केलेल्या तहांसारखा आहे. पुढे १९७० मध्ये मोशे वाइनफेल्ड या इस्रायली अभ्यासकाने म्हटलं की, अब्राहाम आणि दावीद यांचे करार त्या साच्यात बसत नाहीत. ते राजाने निष्ठावान सेवकाला दिलेल्या दानपत्रासारखे आहेत. मराठी वाचकाला हे चटकन कळावं, कारण आपल्याकडे तह वेगळा आणि इनामाची सनद वेगळी. वाइनफेल्डचा मुख्य मुद्दा शापांच्या दिशेचा होता. तहातला शाप मांडलिकावर असतो, 'तू फितूर झालास तर'. दानपत्रातला शाप तिसऱ्यावर असतो, 'याच्या हक्काला जो हात लावील त्याच्यावर'. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ आठवा. त्यावरचा अभद्र शाप इनामदाराला नाही, दान मोडणाऱ्याला आहे. त्याच दगडांवर वर सूर्य-चंद्र कोरलेले असतात : आचंद्रार्क, चंद्र-सूर्य असेपर्यंत. ८९व्या स्तोत्रात दावीदचं सिंहासन सूर्यासारखं आणि चंद्रासारखं टिकेल असं म्हटलंय, ते याच भाषेत.

पण इथेच थांबाल तर चुकाल. १९९६ मध्ये गॅरी नॉपर्स या अभ्यासकाने प्राचीन दानपत्रं पुन्हा तपासली आणि त्यातली बरीच सशर्त होती हे दाखवलं. आपल्याकडेही इनामामागे चाकरी असायचीच, आणि चाकरी चुकली की इनाम जप्त व्हायचं. उत्पत्ति १७ मध्येही सुंता न झालेला पुरुष 'आपल्या लोकांतून छेदला जावा' असं आहे, आणि करार तर 'बिनशर्त' म्हणवला जातो. त्यामुळे तुमच्या नोट्समधले रकाने म्हणजे फार तर कोणत्या करारात भर कशावर आहे, याची नोंद.

अनुवादच्या पुस्तकाकडे वळू, कारण करार ही कल्पना सगळ्या धर्माचा कणा झाली ती तिथे. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या सगळ्या मांडलिकांकडून मुलगा अशुरबनीपाल याच्याशी निष्ठेची शपथ घेतली. त्या शपथेच्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये इराकात निमरूदला सापडल्या, आणि आणखी एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनात इथल्या मंदिरात. त्यात म्हटलंय : अशुरबनीपालवर स्वतःसारखं प्रेम करा. त्याच्याविरुद्ध फूस लावणारा शब्द तुमच्या भावाकडून, मुलाकडून किंवा संदेष्ट्याकडून ऐकला तर लपवू नका. आणि मोडलंत तर जमीन लोखंडाची होईल, आकाश पितळेचं होईल. आता अनुवाद ६ उघडा : परमेश्वरावर संपूर्ण मनाने प्रेम कर. अनुवाद १३ : संदेष्टा, भाऊ, मुलगा कोणीही दुसऱ्या देवांकडे वळवू लागला तर त्याला पाठीशी घालू नको. अनुवाद २८ : डोक्यावरचं आकाश पितळ, पायाखालची भूमी लोखंड.

यहूदा तेव्हा अश्शूरचं मांडलिक होतं, म्हणजे ही भाषा यरुशलेमेच्या दरबाराला तोंडपाठ असणार. 'प्रेम' हा इथे आधी राजकारणातला शब्द आहे, निष्ठा या अर्थाचा. सम्राटाला द्यायची निष्ठा उचलून देवाच्या पायाशी ठेवणं हे त्या काळात साधंसुधं पारमार्थिक विधान नव्हतं. अभ्यासकांमध्ये वाद आहे तो कालाचा. अश्शूरी शपथांहून कितीतरी जुन्या हित्ती तहांमध्ये आरंभी 'मी तुझ्यासाठी काय केलं' असा पूर्वेतिहास असतो, अश्शूरी शपथांमध्ये तो नसतो. उलट शापांची लांबलचक यादी ही अश्शूरी खासियत. अनुवादमध्ये दोन्ही आहेत. माझं मत विचाराल तर, आज आपल्या हातात आहे तो मजकूर इ.स.पू. ७व्या शतकातल्या हाताचा, पण शपथेने बांधलेलं राष्ट्र ही कल्पना त्याहून जुनी. परीक्षेत मात्र दोन्ही बाजू लिहा.

इतकं झाल्यावर तुमच्या मूळ अडचणीला हात घालता येतो. सीनायचा करार इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडल्यावर पहिल्यांदा मोडला असं नाही. कथेनुसार तो चाळीस दिवसांत मोडला. मोशे डोंगरावरून उतरतो, लोकांनी पूजेला केलेलं सोन्याचं वासरू बघतो आणि कराराच्या दगडी पाट्या आपटून फोडतो. बाबेलच्या कायद्याच्या भाषेत 'पाटी फोडणे' म्हणजे दस्तऐवज रद्द करणे, त्यामुळे मोशेचं फोडणं म्हणजे नुसता संताप नव्हे. पण फोडण्याआधीच, निर्गम ३२ मध्ये, तो देवाला अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांना वाहिलेल्या शपथेची आठवण देतो. तह बुडाला तेव्हा त्याने इनामाची सनद पुढे केली. ३४व्या अध्यायात पाट्या पुन्हा लिहिल्या जातात. दोन प्रकारचे करार एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, एक कोसळला की दुसरा त्याला टेकू देतो, हे तिथे दिसतं.

लेवीय २६ मध्ये हेच कायद्याच्या भाषेत येतं. १५व्या वचनात लोक करार 'मोडतात', हिब्रू क्रियापद 'हेफेर'. मग शाप, एकापेक्षा एक भीषण, शेवटी हद्दपारी. आणि ४४व्या वचनात तेच क्रियापद पुन्हा येतं, यावेळी नकारार्थी आणि देवाच्या तोंडी : शत्रूंच्या देशातही मी त्यांच्याशी केलेला माझा करार मोडणार नाही. हद्दपारी ही कराराची अखेर नाही, ते कराराचंच एक कलम आहे. शिक्षा होते याचा अर्थच करार चालू आहे. बाबेलात नेलेल्या लोकांना या वाचनाने धरून ठेवलं.

सगळ्यांनी इतक्या शांतपणे घेतलं नाही. ८९वं स्तोत्र चंद्र-सूर्याच्या गोष्टी करून झाल्यावर ३९व्या वचनाच्या आसपास एकदम उलटतं : तूच तुझ्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास. इथे आरोपी देव आहे. हे स्तोत्र गाळून कराराचं धर्मशास्त्र लिहिणं सोपं जातं, म्हणून बरेच जण ते गाळतात. यिर्मया तिसरीकडे वळतो. ३१व्या अध्यायात तो 'नव्या करारा'ची भाषा करतो, आणि ख्रिस्ती वाचकाने इथे जरा सावकाश वाचावं. हा करार इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशीच आहे, आणि त्यात लिहायची आहे ती तोराच, म्हणजे मोशेचं नियमशास्त्रच. बदलते ती लिहायची जागा : दगडाऐवजी हृदय. पुढे हाच शब्द ख्रिस्ती शास्त्राचं नाव झाला, मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पंथानेही तो स्वतःला लावून घेतला. रब्बींच्या परंपरेत मात्र 'नवा करार' मोठा विषय झाला नाही. त्यांनी मोडलेल्या कराराचा प्रश्न वेगळ्या दारातून सोडवला.

त्या दाराची चाहूल नहेम्याच्या १०व्या अध्यायात लागते. हद्दपारीतून परतलेले लोक लेखी दस्तऐवज करतात, खाली नावानिशी शिक्के आहेत. कलमं अगदी जमिनीवरची : परक्यांशी सोयरीक नाही, शब्बाथला बाजारहाट नाही, मंदिरासाठी दरसाल एक तृतीयांश शेकेल. याला 'बेरीत' म्हटलेलं नाही, 'अमाना' म्हटलंय. आपल्याकडे अरबीतून आलेले 'अमानत' आणि 'इमान' आणि प्रार्थनेतलं 'आमेन' याच सेमिटिक धातूचे. इथे देव बोलत नाही, सही करत नाही. माणसं स्वतःहून स्वतःला बांधून घेतात.

आता तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यातल्या शब्बाथ या प्रकरणातलं पान ८८ची पहिली बाजू. इतकं धीट पान या विषयावर मी दुसरं वाचलेलं नाही. निर्गम १९:१७ मध्ये लोक डोंगराच्या 'पायथ्याशी' उभे राहिले असं आहे. हिब्रू शब्दाचा अक्षरशः अर्थ निघतो 'डोंगराखाली'. त्यावर राव अवदिमी हे रब्बी म्हणतात : म्हणजे देवाने डोंगर उपटून मोठ्या पिंपासारखा त्यांच्यावर उपडा धरला आणि म्हणाला, तोरा घेतलीत तर ठीक, नाहीतर इथेच तुमची मूठमाती.

यावर राव आहा बार याकोव जे म्हणतात ते वकिलाचं वाक्य आहे : मग तोराविरुद्ध ही मोठीच 'मोदाआ' झाली. मोदाआ म्हणजे काय? एखाद्याला धाक दाखवून जमीन विकायला लावत असतील, तर तो आधी दोन साक्षीदारांसमोर सांगून ठेवतो की, ही विक्री माझ्या राजीखुशीने नाही. मग खत झालं तरी ते रद्द ठरवता येतं. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं १९वं कलमही जबरदस्तीने घेतलेली संमती त्या पक्षाला रद्द करता येते असंच सांगतं. म्हणजे राव आहा म्हणतायत : आम्ही करार मोडला असं तुम्ही म्हणता, पण सही तर मानेवर डोंगर ठेवून घेतली होती. मोडायला तो वैध होता कुठे?

हा आक्षेप कोणी खोडून काढत नाही. इ.स. चौथ्या शतकातला बाबेलचा पंडित रावा फक्त एवढं म्हणतो : तरीही इराणी राजा अहश्वेरोशाच्या काळात त्यांनी तो पुन्हा स्वीकारला. आधार एस्तेर ९:२७, 'यहुद्यांनी कायम केलं आणि स्वीकारलं'. क्रम उलटा आहे ना? आधी स्वीकारतात, मग कायम करतात. रावा वाचतो : पूर्वी जे स्वीकारलं होतं ते आता कायम केलं. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. चमत्कार नाही, गडगडाट नाही, डोंगर नाही. परक्या राज्यात, कत्तलीतून वाचलेल्या लोकांनी, देवाची आज्ञा नसताना, पुरीमचा सण पाळायचं ठरवलं. रावाच्या मते करार खऱ्या अर्थाने पक्का झाला तो तिथे.

कल्पना किती लांब आली बघा. उत्पत्ति १५ मध्ये माणूस झोपला होता, सगळं देवाने केलं. एस्तेरमध्ये देव दिसत नाही, सगळं माणसं करतात. तुमच्या प्रश्नातलं 'कशाच्या जोरावर' याचं रब्बींचं उत्तर इथे आहे : एका बाजूने देवाने न मोडण्याची शपथ वाहिली म्हणून, आणि दुसऱ्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या लोक तो पुन्हा उचलत आले म्हणून. म्हणूनच धर्मांतर करून येणाऱ्याची सुंता आणि स्नान सीनायच्या तयारीवर बेतलेलं आहे. तोही डोंगरापाशी उभा राहतो.

विसाव्या शतकात हाच धागा पुन्हा ताणला गेला. १९५६ मध्ये रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी दोन करार वेगळे केले. मिसरात लादला गेलेला नशिबाचा करार : यहुदी म्हणून जन्मलास की संकट वाट्याला आलंच, मर्जी असो-नसो. आणि सीनायवर निवडलेला ध्येयाचा करार. नाझींच्या संहारानंतर रब्बी अर्विंग ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात आणखी पुढे जाऊन म्हटलं : साठ लाख माणसं मारली गेल्यावर देवाला 'पाळाच' अशी आज्ञा करण्याचा अधिकार उरला नाही. तरी लोक पाळतायत, म्हणजे करार आता ऐच्छिक आहे. ऑर्थोडॉक्स वर्तुळात यावर त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण नीट पाहिलं तर ते राव आहा आणि रावा यांच्याच पानावर उभे आहेत.

स्त्रीवादी यहुदी अभ्यासक जुडिथ प्लास्को यांनी याच सुमारास विचारलेला प्रश्न मात्र त्या पानावर नाही. निर्गम १९:१५ मध्ये मोशे सीनायसाठी 'लोकांना' तयार करतो आणि सांगतो, 'स्त्रीजवळ जाऊ नका'. म्हणजे 'लोक' म्हणजे फक्त पुरुष? मग करार कोणाशी झाला? अनुवाद २९ मध्ये उलट उभे राहिलेल्यांची यादीच आहे : वडीलधारे, लेकरं, बायका, छावणीतला परका, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत, आणि जे आज इथे नाहीत तेसुद्धा. दोन्ही वचनं एकाच तोरात आहेत. निबंधासाठी एक जोडी निवडायची असेल तर ही निवडा. यावर तयार नोट्स मिळणार नाहीत.